'टेन्शन आलंय' म्हणजे नक्की काय आलंय?

प्रश्न: "मी मिरजेचा, वय 36, सांगलीत एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. संध्याकाळी घरी आलो की डोकं फिरलेलं असतं, पोरीनं पाणी सांडलं तरी ओरडतो आणि मग रात्री वाईट वाटतं. बायकोच्या आग्रहामुळं एका कौन्सेलरकडं गेलो तर ते म्हणाले, भावनांना नेमकं नाव द्यायला शिका. नाव देऊन काय होणार? राग तो राग. हे खरंच उपयोगी आहे का नुसतं फॅड?"

उपयोग होतो, पण कसा होतो ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. नाव दिलं की भावना पळून जाते असं काही नसतं. नाव बरोबर बसलं की पुढं काय करायचं ते दिसायला लागतं, फायदा तो आहे. मी सांगलीत 18 वर्षं समुपदेशन करतेय आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बहुतेक लोक पहिल्या दिवशी तीनच शब्द वापरतात: टेन्शन, राग आणि 'कसंतरी होतंय'. त्यात त्यांची चूक नाही, आपण सगळे तसंच बोलतो, मी पण घरी तसंच बोलते.

अडचण अशी होते की 'डोकं फिरलंय' म्हटल्यावर माणसाला करता येण्यासारख्या गोष्टी फार थोड्या उरतात. ओरडायचं, दार आपटायचं, नाहीतर मोबाईल घेऊन गप्प पडायचं. तुमचा खरा प्रॉब्लेम मला रागापेक्षा हा वाटतोय, की दिवसभरात चार वेगवेगळ्या गोष्टी घडतात, त्या चारींना तुम्ही एकच नाव देता आणि मग चारींवर उपायही एकच होतो, तो बिचाऱ्या पोरीवर.

'राग तो राग' म्हणालात ना, पण आपल्या आज्या असं म्हणत नव्हत्या. चिडचिड वेगळी, वैताग वेगळा, संताप वेगळा. चिडचिडीला माणूस लागतच नाही, झोप झाली नसली, पोटात काही नसलं की ती समोर येईल त्यावर निघते. वैताग एकच गोष्ट पुन्हापुन्हा घडली की येतो. संताप येतो तेव्हा कुणीतरी अन्याय केलेला असतो, निदान आपल्याला तसं वाटत असतं. त्रागा म्हणजे आपलं कुणी ऐकत नाही म्हणून स्वतःचंच काहीतरी नुकसान करून घेणं, जेवणावरून उठून जाणं वगैरे. आणि रुसवा तर फक्त आपल्या माणसावरच धरता येतो, तुम्ही वीजबिलाच्या खिडकीवरच्या क्लार्कवर रुसत नाही, कारण रुसव्यात समोरच्यानं आपली समजूत काढावी ही अपेक्षा आत दडलेली असते. आता बघा, चिडचिडीला दोन भाकरी आणि झोप पुरते. वैतागाला रोजची काहीतरी व्यवस्था बदलावी लागते. संतापाला कुठंतरी तक्रार किंवा भांडण करावं लागतं, आणि रुसव्यात 'मला तू विचारायला हवं होतंस' एवढं तोंडानं म्हणावं लागतं. रुसलेल्या माणसाला नुसतं जेवायला वाढून भागत नाही आणि भुकेल्या माणसाची समजूत काढून भागत नाही.

मानसशास्त्रात ह्या बारकाव्याला इमोशनल ग्रॅन्युलॅरिटी म्हणतात, म्हणजे आपल्या भावना किती बारीक चाळणीनं वेगळ्या करता येतात ते. लिसा फेल्डमन बॅरेट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंमुळं हा शब्द पसरला. पण एक गैरसमज आत्ताच काढून टाकते, हा शब्दसंग्रहाचा खेळ नाहीये. मीच सुरुवातीला ही चूक केलेली. इंग्रजीवरून भाषांतर केलेली शंभरएक शब्दांची यादी छापून ठेवलेली, उद्विग्न, चिंताग्रस्त, नैराश्यपूर्ण असले शब्द, आणि येणाऱ्याला सांगायची टिक करा. लोक आज्ञाधारकपणे वीस-वीस टिका करायचे आणि घरी जाऊन तसेच ओरडायचे. असले शब्द कुणाच्या घरात कुणी बोलतच नाही तर ते आतून लागू कसे पडणार. ती यादी मी फेकून दिली.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तासगाव भागातले एक बागायतदार, चाळिशीतले, अडीच एकर द्राक्षबाग. व्यापाऱ्यानं माल नेला, थोडे पैसे रोख दिले, राहिलेले आठ दिवसांत देतो म्हणाला आणि मग फोनच बंद. हे आपल्याकडं नवीन नाही. त्यानंतर घरात रोज आरडाओरडा, एकदा तर आईसमोर जेवणाचं ताट भिरकावलं, म्हणून बायको घेऊन आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "मॅडम, त्या व्यापाऱ्याचा राग घरच्यांवर निघतोय, दुसरं काय नाही." ऐकायला इतकं पटणारं होतं की मी पण दोन बैठका तेच धरून चालले, श्वास मोजा, बाहेर चक्कर मारून या, असलं सगळं सांगितलं. काडीचा फरक पडला नाही.

मग त्यांना एक छोटी डायरी दिली. रोज रात्री चार गोष्टींना 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा: राग, काळजी, लाज, वाईट वाटणं. पहिल्या आठवड्याची पानं अजून डोळ्यासमोर आहेत, सोमवारी 8, 8, 8, 7, मंगळवारी 3, 3, 2, 3, बुधवारी परत सगळे 9. म्हणजे चारी आकडे एकाच दोरीला बांधल्यासारखे बरोबर वर आणि बरोबर खाली. अभ्यासक ग्रॅन्युलॅरिटी मोजतात ती साधारण अशीच, शब्द किती येतात ते कुणी विचारत नाही, बरेच दिवस आकडे घेतात आणि ते सुटे-सुटे हलतात का गठ्ठ्यानं, ते बघतात. गठ्ठ्यानं हलत असतील तर माणूस त्याच्या दृष्टीनं फक्त 'वाईट' आणि 'कमी वाईट' एवढंच ओळखतोय. ह्यांच्याकडं राग, लाज, काळजी हे शब्द होतेच की, पण ते सगळे एकाच गोष्टीला लावत होते.

तिसऱ्या बैठकीत मी म्हटलं, व्यापारी बाजूला ठेवा, ताट फेकलं ते मिनिट सांगा. कुणी व्हिडिओ काढला असता तर त्यात काय दिसलं असतं तेवढंच. तर दिसलं असतं ते असं: हे जेवायला बसलेत, धाकटा भाऊ आत आला, चप्पल काढली, आणि आई भाजी वाढता वाढता म्हणाली, "धाकट्याचं ऐकलं असतंस तर." मग हळूहळू बाहेर आलं की भावानं आधीच सांगितलेलं, ह्या माणसाला माल देऊ नको, दुसरा व्यापारी किलोमागं तीन रुपये कमी देतोय पण रोख देतोय. आणि ह्यांनी चारचौघांत त्याला सुनावलेलं, मला शिकवू नको म्हणून.

मी विचारलं, त्या वेळी अंगात काय झालं? म्हणाले कान गरम झाले, मान खाली गेली. हात काय करायला शिवशिवत होते? थोडं थांबून म्हणाले, "हात न्हवं मॅडम, उठून जावं वाटत होतं तिथनं."

इथं मला धागा सापडला. संताप माणसाला पुढं ढकलतो, समोरच्याच्या अंगावर जावंसं वाटतं, आवाज चढतो, छाती पुढं येते. जिथं तोंड लपवावंसं, पळून जावंसं वाटतंय तिथं राग वरवरचा असतो आणि खाली दुसरंच काहीतरी असतं. मी शब्द सुचवला नाही, म्हटलं तुमच्या गावात ह्याला काय म्हणतील? ते म्हणाले, "ओशाळल्यागत." आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

त्या शब्दानं काय झालं बघा. व्यापाऱ्यावरचा राग होताच, तो खोटा नव्हता, पण तो घरात भावाला बघून उसळायचं काही कारणच नव्हतं, व्यापारी काय घरात नव्हता. घरात उसळत होतं ते ओशाळलेपण. त्यावर श्वास मोजून काय उपयोग, त्यावर एकच गोष्ट लागू पडते, ज्याच्यासमोर ओशाळलो त्याच्याशी बोलणं. चार दिवस काढले त्यांनी ह्यात, शेवटी गोठ्यात भावाला म्हणाले, तू म्हणत होतास ते बरोबर होतं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे दादा, पावत्या हायत का तुझ्याकडं?" मग दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेले, तो झाला संतापाचा उपाय, त्याच्या जागी. पहाटे तीनला जाग यायची ती तिसरीच गोष्ट निघाली, सोसायटीच्या पीककर्जाची धास्ती, मार्चअखेर तोंडावर होती. धास्तीचा उपाय हा की सेक्रेटरीकडं जाऊन नक्की किती भरायचेत तो आकडा विचारायचा, जो त्यांनी भीतीपोटी दीड महिना विचारलाच नव्हता. चौथ्या आठवड्यातल्या एका पानावर राग 2, काळजी 7, लाज 3 असं होतं. आकडे सुटे झाले. काळजी 7 म्हणजे काही सुख नव्हे, पण ताट जागेवर राहिलं. व्यापाऱ्याकडनं सगळे पैसे आले नाहीत हेही सांगते, आणि ह्यात निम्मं श्रेय तरी भावाचं आहे, तो टोमणे मारणारा निघाला असता तर ही गोष्ट मी इतक्या ऐटीत सांगितली नसती.

आता फॅड आहे का ह्याबद्दल. बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2001 साली विद्यार्थ्यांकडून 14 दिवस डायरी लिहून घेतली. ज्यांना आपल्या नकोशा भावना जास्त वेगळ्या करता येत होत्या ते स्वतःला सावरायचे मार्गही जास्त वापरत होते, आणि हा फरक भावना तीव्र असतानाच जास्त दिसला. पण हा नुसता संबंध आहे, नाव दिल्यामुळं सावरता आलं का सावरलेल्या माणसाला नाव देणं सोपं जातं हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो, 2012 चा. कोळ्यांची प्रचंड भीती असलेल्या 88 लोकांना जिवंत कोळ्याजवळ जायला लावलं. काहींना सांगितलं भीती जशी आहे तशी शब्दात बोला, काहींना सांगितलं स्वतःची समजूत घाला की कोळी काही करत नाही, काहींना विषय बदलायला सांगितला, काहींना काहीच सांगितलं नाही. आठवड्यानं परत बोलावल्यावर भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहाताला सुटणारा घाम बाकीच्यांपेक्षा कमी होता. गंमत म्हणजे 'भीती किती वाटतेय' विचारल्यावर त्यांनी सांगितलेली भीती इतरांएवढीच होती. म्हणजे शरीर थोडं शांत झालेलं, माणसाला मात्र वाटत होतं काही बदललं नाही. म्हणून मी लोकांना सांगते, नाव दिल्यावर लगेच हलकं वाटलं नाही तर पद्धत फसली असं धरू नका.

आणि उलट बाजूनंही एक अभ्यास आहे, 2021 चा. त्यात लोकांना आधी भावनेला नाव द्यायला लावलं आणि लगेच तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला किंवा ती स्वीकारायला सांगितलं, तर ते त्यांना जास्त अवघड गेलं. नाव दिल्यानं ती भावना जणू पक्की बसली. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. भडका उडालेला असताना नाव शोधत बसू नये, तेव्हा फक्त तिथून बाजूला व्हावं, पाणी प्यावं. नाव नंतर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी शोधायचं. कौन्सेलरनी तुम्हाला हे सांगितलं नसेल तर तुम्ही बहुतेक पोरीवर ओरडता ओरडता नाव शोधायला बघितलं असणार आणि वैतागला असणार.

अजून दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक म्हणजे आरोपालाच भावना समजतात. 'मला डावलल्यासारखं वाटतंय', 'मला गृहीत धरल्यासारखं वाटतंय', ह्यात समोरच्यानं काय केलं तेच आहे, तुमच्या आत काय झालं ते नाहीच. पुढचा प्रश्न विचारायचा, डावललं, बरं, मग काय झालं? अपमान वाटला, का एकटं पडल्यासारखं झालं, का हेवा वाटला? हेवा म्हणायला माणसाला सगळ्यात जड जातं, महिनाभर संताप संताप म्हणत बसतील पण हेवा म्हणणार नाहीत. दुसरं म्हणजे ही चाळणी दुसऱ्यावर चालवणं. "तू आत्ता रागावलेली नाहीस, तू रुसलीयस" असं बायकोला सांगून बघा, काय होतं ते मला कळवायची गरज नाही.

तुमच्याबद्दल मी समोर बघितल्याशिवाय ठामपणे काही म्हणणार नाही, पण वसुलीचं काम करणारे बरेच जण येतात माझ्याकडं, त्यावरून अंदाज सांगते. तुम्ही दिवसभर लोकांच्या दारात उभे राहता, लोक वाट्टेल ते बोलतात आणि उलट बोलायची सोय नसते, तो गिळलेला अपमान असू शकतो. एखाद्या घरात खरंच काही नसतं तरी हप्ता मागावा लागतो, तिथं अपराधी वाटतं, आणि ही गोष्ट पुरुषमाणसं कुणाला सांगत नाहीत. महिनाअखेरीला टार्गेटची धास्ती असते. आणि दुपारी एकचा डबा खाऊन रात्री आठला घरी पोचत असाल तर त्यातली बरीचशी नुसती भूक असू शकते, हे मी थट्टेनं म्हणत नाहीये. मेंदू पोटातली, छातीतली खळबळ आधी पकडतो आणि तिचा अर्थ जवळ जे दिसेल त्यावरून लावतो, आणि घरी आल्यावर जवळ दिसते ती पोरगी आणि सांडलेलं पाणी. महिनोन्महिने असं चालू असेल तर शुगर आणि थायरॉईडही एकदा बघून घ्या.

करायचं असं. साध्या खिशातल्या डायरीत रोज रात्री एकाच प्रसंगाबद्दल चार ओळी, जास्त नाही. पहिली, काय घडलं, व्हिडिओत दिसेल तेवढंच. दुसरी, अंगात कुठं काय झालं. तिसरी, काय करावंसं वाटत होतं, अंगावर जावंसं, पळावंसं, रडावंसं, का नुसतं आडवं पडावंसं. चौथ्या ओळीत दोन नावं, एक कधीच नाही, कारण एक लिहिलं की माणूस 'राग' लिहून मोकळा होतो. मग दोन्हीपुढं लिहायचं, हे खरं असेल तर उद्या मी काय करीन. अपमान असेल तर "आज एकानं मला असं असं बोलला" हे बायकोला जसंच्या तसं सांगेन. अपराधी वाटत असेल तर त्या कर्जदाराच्या हप्त्याची फेररचना होते का ते मॅनेजरला विचारेन. भूक असेल तर निघताना केळी खाऊन निघेन. ज्या नावापुढं काहीच सुचत नाही ते नाव बहुतेक चुकलेलं असतं, दुसरं शोधायचं. पाच मिनिटांत आटपायचं, चार पानं भरायला लागलात तर ते उगाळणं झालं, त्यानं रात्रीची झोप जाते आणि काही कळत नाही.

हात उगारण्यापर्यंत गोष्ट जात असेल, रोज प्यावं लागत असेल, दोन-दोन आठवडे झोप नसेल किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर ही डायरी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पोरीला आज रात्रीच सांगून टाका की मघाशी ओरडलो, त्यात तुझी काही चूक नव्हती. डायरी उद्यापासून. पहिल्या आठवड्यात पानोपानी 'राग' आणि 'टेन्शन' हेच दोन शब्द लिहिलेले दिसतील, दिसू देत, खोडू नका. आठव्या दिवशी मागं जाऊन प्रत्येक 'राग'च्या शेजारी पेन्सिलनं अजून एक अंदाज लिहा, आणि आपल्या आईनं ह्याला काय म्हटलं असतं असं स्वतःला विचारून लिहा, शब्द तिथूनच येतात.